फरकाचा टॅक्स: यंदाचा किती, मागच्या वर्षाचा किती

*पगारवाढ ऑक्टोबर २०२३ पासून लागू, पण हातात आली जून २०२४ मध्ये. महिना ८,००० प्रमाणे आठ महिन्यांचा ६४,००० फरक स्लिपवर दिसतोय, खात्यात मात्र त्यातले जेमतेम ४२-४३ हजार आले. मागच्या वर्षाच्या पैशांवर यंदाचा टॅक्स का? परत मिळेल का?*

आयकर कायद्याच्या कलम ८९ मधल्या सवलतीतून काही भाग परत मिळू शकतो. पण त्यासाठी आधी ६४,००० चे दोन तुकडे करा. ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांचे ४८,००० हे मागच्या आर्थिक वर्षाचे. एप्रिल-मे चे १६,००० यंदाचेच, ते उशिरा मिळाले तरी वर्ष तेच राहतं, म्हणून त्यांच्यावर सवलत नाही. स्लिपवर बहुतेक वेळा सगळा फरक एकाच ओळीत येतो आणि लोक पूर्ण रकमेवर सवलत मागतात. पगार विभागाकडून महिनावार फरकाचा तक्ता मागून घ्या. बेसिकचा फरक किती, भत्त्यांचा किती, बिनपगारी रजेचे दिवस वजा झालेत का, हे त्यातच कळतं. मी हे तक्ते बरीच वर्षं बनवलेत. जानेवारीत दोन दिवस बिनपगारी रजा असेल तर त्या महिन्याचा फरक ८,००० नाही, ३१ पैकी २९ दिवसांचाच निघतो. मग लोकांना वाटतं पैसे बुडाले.

आता कपात. वाढीपैकी ४,००० बेसिकमध्ये गेले असतील तर आठ महिन्यांच्या ३२,००० वर १२ टक्क्यांनी ३,८४० पीएफ जातो. तो तुमच्याच खात्यात जमा होतो. उरलेली मोठी कपात टीडीएसची. पगार मिळायला हवा होता त्या वर्षी धरला गेला नसेल, तर तो हातात येतो त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवतात. म्हणून पूर्ण फरक २०२४-२५ मध्ये आला. टीडीएस वर्षभराच्या अंदाजावर कापायचा असतो आणि तो पुढच्या महिन्यांत विभागता येतो, पण अनेक ठिकाणी फरकाच्या महिन्यातच सगळा कापून घेतात, कारण माणूस मध्येच नोकरी सोडून गेला तर पुढच्या पगारातून वळता करता येत नाही.

सवलतीचा हिशोब कलम ८९ चा. समजा तुम्ही दोन्ही वर्षं जुन्या करप्रणालीत आहात, ८०सी ची मर्यादा आधीच भरलेली आहे आणि फरकासकट यंदाचं करपात्र उत्पन्न १०,४०,००० आहे. सेससकट कर १,२९,४८०. त्यातून ४८,००० काढले तर ९,९२,००० वर कर १,१५,३३६. म्हणजे त्या पैशांपायी यंदा १४,१४४ जास्त गेले. आता तेच ४८,००० मागच्या वर्षात टाका. तेव्हा करपात्र उत्पन्न ८,८०,००० होतं असं धरू, कर ९२,०४०. फरक मिळवून ९,२८,०००, कर १,०२,०२४. पैसे वेळेवर मिळाले असते तर ९,९८४ च जास्त लागले असते. १४,१४४ वजा ९,९८४, म्हणजे ४,१६० ही तुमची सवलत. दहा लाखांच्या वर गेलेले ४०,००० वीसऐवजी तीस टक्क्यांत आले, एवढंच त्यामागचं कारण. दोन्ही वर्षी तुम्ही एकाच टप्प्यात असता तर सवलत शून्य आली असती, आणि पुढची खटपटही नको होती.

सवलत आपोआप मिळत नाही. रिटर्नच्या आधी इन्कम टॅक्स पोर्टलवर फॉर्म 10E ऑनलाइन भरावा लागतो. लॉगिन केल्यावर e-File > Income Tax Forms > File Income Tax Forms मध्ये तो सापडतो. Assessment Year निवडताना फरक हातात आला त्या वर्षाचं निवडा, म्हणजे तुमच्यासाठी 2025-26. पैसे ज्या वर्षाचे होते त्याचं नव्हे. इथे खूप जण चुकतात. आत Annexure I घ्यायचं, मागच्या वर्षाचे आकडे Table A मध्ये भरायचे, आणि शेवटी फॉर्म ई-व्हेरिफाय करायचा.

माझ्या एका सहकाऱ्याने रिटर्नमध्ये सवलत बरोबर दाखवली, पण 10E भरलाच नाही. काही महिन्यांनी रिटर्न तपासून आयकर विभागाकडून कलम १४३(१) ची सूचना आली, त्यात सवलतीच्या रकान्यात शून्य, आणि तेवढ्याच रकमेची व्याजासकट मागणी. हिशोबात चूक नव्हती, फक्त फॉर्म राहिला होता.

कंपनीला आकडे आताच दिलेत तर ती टीडीएसमध्येच सवलत धरू शकते. तशी धरली असेल तर फॉर्म १६ मध्ये कलम ८९ ची ओळ बघा, आणि तरीही पोर्टलवर 10E स्वतः भरा.