पत्रकाचा मसुदा आधी पोथ्या सांभाळणाऱ्यांना दाखवा

प्रश्न: आमचं विद्यापीठ धार्मिक हस्तलिखितांच्या डिजिटायझेशनचा प्रकल्प जाहीर करतंय आणि प्रसिद्धीपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलंय. पत्रकारांना बिनचूक माहिती मिळावी आणि हस्तलिखितं सांभाळणाऱ्यांचाही मान राहावा, यासाठी काय काळजी घेऊ?

मसुदा कुठल्याही वृत्तपत्राकडे जाण्याआधी पोथ्या ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांच्या हातात द्या. बाकीचं सगळं त्यानंतर. इतकं ठासून सांगतोय, कारण एका विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागात असताना अशाच प्रकल्पाचं पत्रक मी लिहिलं होतं. ते ज्या रूपात बाहेर पडलं त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

एका धर्मसंस्थेच्या ग्रंथभांडारात छायाचित्रणाचं काम सुरू होणार होतं. लिहायला बसण्याआधी मी तिथे जाऊन आलो. भांडार सांभाळणारे वयस्कर गृहस्थ होते, सगळे त्यांना काका म्हणत. मी एखादी पोथी बघायला मिळेल का विचारलं, तेव्हा त्यांनी कपाटातून एक बासन काढलं, गाठ सोडली आणि आधी पानं मोजली. मग एका लांबट वहीत तारीख, बासनाचा क्रमांक, कोणासाठी उघडलं आणि पानं किती, एवढं लिहिलं. माझं बघून झाल्यावर पानं पुन्हा मोजली, वहीत तोच आकडा पुन्हा मांडला आणि मगच गाठ मारली. वहीची मागची पानं चाळली तर तीन वेगवेगळी अक्षरं दिसली. काकांचं, त्यांच्या वडिलांचं आणि आजोबांचं. एका जुन्या नोंदीत लिहिलं होतं की अमुक पानाचा कोपरा तुटला, त्या वेळी समोर कोण होतं, आणि तुकडा त्याच बासनात कागदाच्या घडीत ठेवला आहे. मी सहज विचारलं, तो तुकडा आहे का अजून? काकांनी ते बासन काढलं. घडी होती, आणि घडीत नखाएवढा कोपरा होता.

मोठमोठ्या ग्रंथालयांतही इतकी चोख नोंद दर वेळी सापडत नाही. मी मसुद्यात या वहीवर दोन वाक्यं लिहिली. आमच्या वरिष्ठांनी ती कापली. त्यांचं म्हणणं, याने बातमी होत नाही. आधी दुरवस्था दिसली पाहिजे, मग विद्यापीठाने काहीतरी केलं असं वाटतं. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं की वर्षानुवर्षं धूळ खात पडलेला हा ठेवा विद्यापीठाने विस्मृतीतून बाहेर काढला. मी बैठकीत विरोध केला आणि निदान हे काकांना वाचून तरी दाखवू असं म्हटलं. बाहेरच्यांना मसुदा दाखवायची आपली पद्धत नाही, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी मथळ्यात धूळ होती आणि विद्यापीठाचं नाव होतं. संस्थेचं नाव पार खाली, शेवटच्या परिच्छेदात.

काकांचा फोन मलाच आला, कारण त्यांच्याकडे माझाच नंबर होता. आवाज चढलेला नव्हता. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही इथे बसून वही पाहिली होती ना? मग हे कोणी लिहिलं?" पुढच्या बैठकीत संस्थेच्या विश्वस्तांनी ठरवलं की करार झालेल्या बासनांचं काम पूर्ण होऊ द्यावं, उरलेल्यांची परवानगी देऊ नये. कॅमेरा, दिवे, पोथी आधाराने ठेवायचा पाळणा, सगळं परत आलं. उरलेली बासनं आजही कॅमेऱ्यासमोर गेलेली नाहीत.

वरिष्ठ शेवटपर्यंत म्हणत राहिले की लोक उगाच हळवे होतात, एका शब्दाने काय बिघडतं. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: ती माहितीच खोटी होती. जिथे बासन कधी उघडलं त्याची तीन पिढ्यांची नोंद आहे, तिथे विस्मृती कसली? पत्रक खरं असतं तर अपमान झालाच नसता.

असं उद्धाराचं वाक्य किती काळ चिकटतं हे पाहायचं असेल तर कोडेक्स सायनायटिकस या ग्रीक बायबलच्या प्राचीन हस्तलिखिताचा इतिहास वाचा. जर्मन अभ्यासक टिशेनडॉर्फ यांनी सिनाईच्या सेंट कॅथरिन मठातून 1844 मध्ये 43 पानं लाइपझिगला नेली. ती टोपलीत, जाळायला काढलेल्या पानांत सापडली, असं त्यांनी नंतर लिहिलं. मठाला ही हकीकत कधीच मान्य नव्हती. 1859 मध्ये त्यांनी आणखी बराच मोठा भाग नेला, तो परत करण्याचं लेखी वचन देऊन. त्यातली 347 पानं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पण टोपली आणि आगीची गोष्ट दीडशे वर्षं लोकप्रिय पुस्तकांतून फिरत राहिली, आणि जगातल्या एका फार जुन्या ग्रंथालयाची प्रतिमा पानं जाळणारे लोक अशी झाली. 2009 मध्ये उपलब्ध सगळी पानं इंटरनेटवर एकत्र आली, तेव्हा ज्या चार संस्थांकडे ती विखुरली आहेत त्यांनी या इतिहासाबद्दल चौघांना मान्य असलेला एक मजकूर प्रसिद्ध केला. मठही त्या चौघांत आहे. म्हणजे दोन्ही बाजूंनी बसून एक परिच्छेद ठरवता येतो. तुमच्याकडेही पोथ्या कुठून आल्या, कोणाकडे आहेत, हा परिच्छेद सांभाळणाऱ्यांबरोबर बसूनच लिहा.

आता पत्रकारांचं. सर्वात जास्त घोळ वयाच्या दाव्यात होतो. जुलै 2015 मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाने आपल्या संग्रहातल्या कुराणाच्या दोन पानांबद्दल पत्रक काढलं. कार्बन चाचणीने त्या चामड्याचा काळ 95.4 टक्के शक्यतेने इ.स. 568 ते 645 असा दिला होता. पत्रकाच्या मथळ्यात जगातल्या सर्वात जुन्या प्रतींपैकी एक, असं जपून म्हटलं होतं. बातम्यांत पैकी गळलं आणि सर्वात जुनी तेवढी उरली. काही आठवड्यांतच काही वृत्तपत्रांनी तारखेचं आधीचं टोक उचलून ही पानं प्रेषितांच्याही आधीची असू शकतील का, असे मथळे दिले. ज्यांच्यासाठी तो ग्रंथ पवित्र आहे त्यांनी हे सकाळी चहाबरोबर वाचलं.

इथे समजून घ्यायची गोष्ट अशी की चाचणी चामड्याची होते, शाईची नाही. ज्या जनावराचं ते चामडं, ते कधी मेलं एवढंच तिच्यातून कळतं. लिहिणं त्यानंतर झालं, लगेच किंवा बऱ्याच काळाने. शिवाय 568 ते 645 मधलं कुठलंही वर्ष असू शकतं, पहिलं टोक उचलायला काही आधार नाही. हे सगळं तज्ज्ञांना ठाऊक होतं. पण बातमीदार मथळा आणि पहिला परिच्छेद उचलतो, म्हणून मर्यादा त्याच परिच्छेदात, त्याच वाक्यात हवी: चाचणी कशाची झाली, काळाची दोन्ही टोकं काय, आणि लेखन त्यानंतरचं आहे. खाली टीप म्हणून दिलेली मर्यादा छापून येत नाही.

परंपरेने सांगितलेलं वय वेगळं असेल तर तेही द्या, पण वेगळ्या वाक्यात आणि कोणाचं म्हणणं आहे ते सांगून. संस्थेच्या परंपरेनुसार ही प्रत अमुक गुरूंच्या हातची मानली जाते. अक्षरवळणाच्या अभ्यासावरून ती अमुक शतकातली दिसते. दोन वाक्यं शेजारी उभी राहू द्या. मध्ये "प्रत्यक्षात" किंवा "मात्र" घातलंत की तुम्ही निवाडा दिलात.

दुसरा घोळ आकड्यांचा. समजा तीनशे बासनं आहेत. एका बासनात चार-पाच ग्रंथ असू शकतात, तेव्हा ग्रंथ बाराशे झाले. पानं वीस हजार. प्रत्येक पानाच्या दोन बाजू, म्हणजे छायाचित्रं चाळीस हजार, वर वेष्टनं आणि रंगपट्टीची वेगळी. पत्रकात नुसतं "चाळीस हजार" दिसलं की बातमीत चाळीस हजार हस्तलिखितं होतात. एकच एकक निवडा, ते मथळ्यापासून शेवटपर्यंत पाळा, आणि झालेलं काम व ठरवलेलं काम वेगवेगळं सांगा. फोटो काढला म्हणजे मजकूर शोधता येतो असं नाही, आणि शोधता आला म्हणजे तो वाचून, अनुवाद होऊन तयार आहे असंही नाही. पत्रकारांचा पहिला प्रश्न हाच असतो.

हक्कांबद्दल एक सरळ परिच्छेद लिहा: मूळ पोथ्या कुठे राहणार, प्रतिमांचे हक्क कोणाचे, काय सर्वांना खुलं आणि काय नाही. अमेरिकेतल्या हिल म्युझियम अँड मॅन्युस्क्रिप्ट लायब्ररीची रीत बघा. ते जगभरच्या मठांत, मशिदींत आणि खासगी संग्रहांत छायाचित्रणाची सोय करतात, पण मूळ प्रती मालकांकडेच राहतात. दीक्षा घेतलेल्यांनीच पाहायचा असा काही भाग असेल तर तो बंद ठेवलाय एवढंच लिहा, त्यात काय आहे याचा इशारासुद्धा देऊ नका. बाजारातली किंमत लिहू नका. भांडाराची खोली, कपाटं, कुलपं फोटोत येऊ देऊ नका, चोरही बातम्या वाचतात. फोटोसाठी कोणाला पांढरे हातमोजे घालायला लावू नका. कागद आणि चामड्यासाठी धुतलेले कोरडे हातच चांगले मानले जातात, मोज्यांनी स्पर्श बोथट होतो आणि पान फाटायची भीती वाढते. फोटोत कोणतं पान दिसावं हेही सांभाळणाऱ्यांनाच ठरवू द्या.

पहिला अवतरण-चौकटीतला उद्गार कुलगुरूंचा असतो, तसा तो असू द्या. दुसरा सांभाळणाऱ्यांचा असावा, त्यांनी बोललेला आणि त्यांनी मान्य केलेला. संस्थेचं आणि व्यक्तीचं नाव कसं लिहायचं, पुढे काय उपाधी लावायची, नाव यावं की नको, हे विचारा. संस्थेचं नाव पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.

एक गोष्ट मात्र आधीच स्पष्ट करून घ्या. मसुदा दाखवणं म्हणजे संशोधनाचा निष्कर्ष बदलायचा अधिकार देणं नव्हे. नावं, मालकी, सांभाळण्याचा इतिहास, काय खुलं आणि काय बंद, यात त्यांचा शब्द अंतिम. काळनिर्णय आणि पाठभेद यात अभ्यासकांचा. हे मसुद्याबरोबर लेखी द्या आणि उत्तराची तारीखही द्या, नाहीतर पत्रक महिनोन्महिने अडकतं. एकाच संग्रहावर दोन गट हक्क सांगत असतील तर तो वाद मिटेपर्यंत पत्रक काढूच नका, कारण त्यात छापलेलं नाव उद्या कोर्टात कागद म्हणून दाखवलं जातं.

आणि वरिष्ठ म्हणाले की बाहेरच्यांना मसुदा दाखवायची पद्धत नाही, तर त्यांना करार उघडून दाखवा. ज्यांच्या सहीशिवाय कॅमेरा लागत नाही, ते बाहेरचे नाहीत.