पानशेतच्या व्हिडिओत बनवलेली दृश्यं आहेत, हे वर्णनात कसं लिहावं?

प्रश्न: "पानशेतच्या पुरावर आठ मिनिटांचा व्हिडिओ केलाय. निवेदन एआयच्या आवाजात आहे, एक जुना फोटो रंगवून हलता केलाय आणि पुराची दोन दृश्यं पूर्णपणे बनवलेली आहेत. यूट्यूबवर वर्णनात हे कसं लिहू? 'यात एआय वापरलं आहे' असं लिहिलं तर लोक सगळाच व्हिडिओ खोटा समजतील अशी भीती वाटते."

तुमची भीती रास्त आहे, पण दोष त्या वाक्याच्या मोघमपणात आहे. नेमकं काय बनवलंय हे त्यातून कळत नाही, म्हणून बघणारा सगळ्यावरच संशय घेतो. वर्तमानपत्रांत फोटोखाली 'प्रतीकात्मक छायाचित्र' लिहितात, तसंही इथे चालणार नाही. कोणतं छायाचित्र? १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा लकडी पुलावरून गेलेलं पाणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं आजही पुण्यात आहेत. बनवलेलं दृश्य अस्सल चित्रण म्हणून त्यांच्यासमोर आलं, तर पहिली कॉमेंट त्यांचीच येईल, आणि मग तुमच्या खऱ्या माहितीवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

म्हणून काय बनवलंय, कुठे आहे आणि खरं काय आहे, एवढंच सांगा. मी असं लिहीन:

"निवेदनाचा आवाज संगणकाने तयार केलेला आहे, मजकूर आम्ही लिहिला असून तपासला आहे. 2:10 आणि 5:40 येथील पुराची दृश्ये संगणकावर बनवलेली आहेत, ती १९६१ मधील चित्रण नाही. 3:05 येथील छायाचित्र मूळ आहे. रंग आणि पाण्याची हालचाल नंतर घातली आहे."

'तपासला आहे' हे शब्द खरोखर तपासला असेल तरच ठेवा. वेळा इंग्रजी आकड्यांत लिहा, म्हणजे त्यावर दाबून थेट त्या जागी जाता येतं. 'केवळ मनोरंजनासाठी', 'कृपया गैरसमज नसावा' असलं काही जोडू नका. माफीचा सूर आला की काहीतरी लपवलंय असं वाटायला लागतं. आधी व्हिडिओ कशाबद्दल आहे ते एका वाक्यात सांगा आणि लगेच खाली हा मजकूर टाका. दुव्यांच्या आणि हॅशटॅगच्या खाली गेला तर तो कोणी वाचत नाही.

याशिवाय अपलोड करताना Studio मध्ये Altered content नावाचा प्रश्न येतो. मार्च २०२४ पासून तो आहे. खरी व्यक्ती न बोललेलं बोलताना किंवा न केलेलं करताना दाखवली आहे का, खऱ्या घटनेचं किंवा जागेचं चित्रण बदललंय का, प्रत्यक्षात न घडलेलं पण खरं वाटणारं दृश्य बनवलंय का, असं तिथे विचारतात. तुमच्या दोन दृश्यांमुळे उत्तर Yes आहे. त्यामुळे प्रेक्षक किंवा कमाई कमी होत नाही, असं यूट्यूबने स्पष्ट सांगितलं आहे. उलट लपवलंत तर ते स्वतःहून लेबल लावू शकतात आणि ते तुम्हाला काढता येत नाही.

मग वर्णनात वेगळं कशाला लिहायचं? कारण यूट्यूबचं लेबल सगळ्यांना एकच वाक्य दाखवतं: आवाज किंवा दृश्यं लक्षणीय बदललेली किंवा डिजिटल पद्धतीने तयार केलेली आहेत. आवाज की दृश्यं, आणि कोणती, हे त्यातून समजत नाही. ते तुमच्या चार वाक्यांतूनच समजेल.

आवाजाबद्दल थोडा फरक आहे. कुणाचाच नसलेला तयार आवाज असेल तर यूट्यूबची सक्ती दृश्यांइतकी कडक नाही, तरी मी सांगतोच. पण एखाद्या ओळखीच्या निवेदकाच्या किंवा नटाच्या आवाजाची नक्कल केली असेल तर Yes म्हणावंच लागतं. त्या माणसाची परवानगी हा वेगळाच मुद्दा, आणि ती नसेल तर तो आवाज वापरूच नका. नुसता फोटो रंगवला असता तर कदाचित Yes ची गरज पडली नसती. तरी साडीचा किंवा भिंतीचा रंग आपण अंदाजानेच भरतो, म्हणून एका शब्दात उल्लेख करावा.

वर्णनाची एक मर्यादा लक्षात ठेवा. पुराचा तेवढाच तुकडा कापून कोणी व्हॉट्सॲपवर टाकला की वर्णन मागेच राहतं. म्हणून त्या दोन दृश्यांवर, ती संपेपर्यंत, कोपऱ्यात 'संगणकनिर्मित दृश्य' अशी छोटी पण वाचता येईल अशी अक्षरं ठेवा. अगदी कडेला ठेवू नका, उभ्या व्हिडिओसाठी कापताना कडा जातात.

आणि प्रकाशित केल्यावर Studio मध्ये सुरुवातीचे काही सेकंद छाटलेत, तर वर्णनातल्या वेळाही तेवढ्या मागे घ्या. नाहीतर 2:10 वर दाबणाऱ्याला तुमचं अस्सल चित्रणच बनावट वाटेल.