दीड वर्षाच्या मुलीची झोप आणि जेवण धरून दिवस कसा आखायचा?

प्रश्न: मुलगी दीड वर्षाची आहे आणि मी पूर्णवेळ घरी असतो. तासातासाचं वेळापत्रक केलं की दुसऱ्याच दिवशी कोलमडतं. तिची झोप आणि जेवण धरून दिवस आखायचा कसा?

उत्तर:

ठरावीक वेळा लिहून ठेवू नका. ती सकाळी किती वाजता उठली, तिथून मोजा. दिवसा एकदाच झोपणारी या वयाची बहुतेक मुलं उठल्यापासून साधारण ५ ते साडेपाच तासांनी पेंगुळतात, दीड ते अडीच तास झोपतात आणि त्यानंतर रात्रीपर्यंत आणखी ५ तास आनंदात जागी राहतात. दिवसरात्र मिळून त्यांची झोप ११ ते १४ तास व्हायला हवी. खाणं दर दोन-तीन तासांनी.

समजा ती साडेसातला उठली. आठला नाश्ता, पावणेदहाला थोडं फळ वगैरे, बाराला जेवण, पावणेएकला झोप. पावणेतीनच्या आसपास उठेल, साडेतीनला मधलं खाणं, साडेसहाला रात्रीचं जेवण आणि आठला झोप. उद्या ती पावणेसातलाच उठली तर हे सगळं अर्धा-पाऊण तास अलीकडे येईल. क्रम आणि मधली अंतरं मात्र तशीच राहतील.

यात सगळ्यात नाजूक जागा आहे ती दुपारचं जेवण आणि झोप यांमधली. जेवायला उशीर झाला की दोन घासांनंतर ती डोळे चोळते, घास गालात धरून ठेवते आणि शून्यात बघत बसते. अशा वेळी भरवण्याचा आग्रह करू नका. तोंडात घास असताना डुलकी लागली तर तो घशात अडकू शकतो, म्हणून आडवं करण्याआधी तोंड रिकामं झालंय ना, हे बघाच. उलट अर्धपोटी झोपली तर भुकेने लवकर उठते. म्हणून जेवण झोपेच्या पाऊण तास आधी सुरू करायचं. त्यासाठी स्वयंपाक त्याआधीच तयार हवा. साडेअकराला भुकेली, कंटाळलेली मुलगी पायात घोटाळत असताना तो होत नाही. मी तो नाश्त्याच्या वेळीच उरकून ठेवते.

जेवणाआधीच्या दोन तासांत दूध देऊ नका. दिवसभरात मिळून साधारण अर्धा लिटरच्या वर दूध गेलं तर भूक मरते, आणि ते रोजचंच झालं तर लोहही कमी पडायला लागतं. ती किती खाते हे तिच्यावर सोडा. काय द्यायचं आणि कधी, एवढं तुमच्या हातात ठेवा.

बाहेर जायचं असेल तर नाश्ता झाल्या झाल्या निघा आणि अकरा-सव्वाअकरापर्यंत घरी या. परतताना गाडीत दहा मिनिटांची डुलकी लागली तरी दुपारची झोप तासभर पुढे जाते, कधीकधी लागतच नाही.

आता तुमची कामं. त्यांच्या दोनच याद्या करा: ती जागी असताना होणारी आणि ती झोपल्यावरच होणारी. कपड्यांच्या घड्या, भाजी निवडणं, केर काढणं ही तिच्यासोबत होतात, आणि तिला त्यात लुडबुड करायला आवडतंही. महत्त्वाचे फोन, कागदपत्रं, गरम तेलाचं काम ही झोपेतली. झोपेचा पहिला अर्धा तास सहसा खात्रीचा असतो, पुढचा नसतो. म्हणून मधेच सोडता येणार नाही असं एक काम आधी संपवा आणि लगेच स्वतः जेवून पाठ टेका. राहिलेलं आवरायला या वेळेत बसू नका, असं मी आग्रहाने सांगेन. संध्याकाळचे पाच तास तुम्हालाच निभवायचे असतात.

झोप ४० मिनिटांतच मोडली तर लगेच उचलू नका, दहा मिनिटं थांबा. पुष्कळदा कूस बदलून परत झोपतात. उठलीच, तर पाचला दुसऱ्यांदा झोपवण्यापेक्षा रात्रीचं जेवण आणि झोप तासभर अलीकडे घ्या. उलट झोप लांबली तर साडेतीनच्या पुढे जाऊ देऊ नका, हळूच उठवा.

अंतर चुकलंय हे कसं कळेल? रोज अंथरुणात अर्धा तास खेळत राहते, म्हणजे अजून दमलेली नाही, झोप १५ मिनिटं पुढे न्या. टेकताक्षणी झोपते पण लवकरच रडत उठते, म्हणजे अतिदमली आहे, १५ मिनिटं अलीकडे आणा. एका वेळी एवढाच बदल करून चार-पाच दिवस बघा. दात येत असतील किंवा सर्दी-ताप असेल तेव्हाच्या झोपेवरून मात्र काही ठरवू नका.