चवथीच्या आधी पाठवलेला मेसेज

"जुन्या कंपनीत माझ्यासोबत असलेली एक बाई आता मला हव्या त्या कंपनीत आहे. चार वर्षांत मी तिला साधा फोनही केला नाही. आता रेफरल मागितलं तर 'काम पडलं म्हणून आठवण झाली' असं तिला वाटेल, आणि नाही म्हणायचं असलं तर ती अवघडेल. कसं विचारू?"

असं विचारणारे वर्षाला पाच-सहा तरी माझ्यासमोर बसतात. त्यांतल्या एकाची गोष्ट सांगते. त्याची परवानगी घेतली आहे, नावं नि काही तपशील बदलले आहेत.

समीर, वय 33. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये होता, मग दुसरीकडे गेला, तिथलं कंत्राट संपलं. प्राजक्ता मॅडम त्याच्या पहिल्या लॅबमधल्या सीनियर. आता त्यांच्या कंपनीत क्यूसीचीच जागा निघाली होती. समीरचा बेत ठरलेला होता: चवथीला बायकोला घेऊन फोंड्याला त्यांच्या घरी गणपतीच्या दर्शनाला जायचं आणि बोलता बोलता सहज विषय काढायचा. शिवाय त्याच्या मावशीची नणंद प्राजक्ताच्या सासूच्या ओळखीची. मावशी म्हणाली होती, "मी कानावर घालते."

दोन्ही बेत मी तिथल्या तिथे मोडले. घरी पाहुणे, पुढ्यात नेवऱ्यांचं ताट, बाजूला सासू-सासरे, अशा वेळी कोण नाही म्हणेल? ती "बघते हां" म्हणेल आणि त्या दिवसापासून समीरचा फोन आला की तिच्या पोटात गोळा येईल. मावशीचा मार्ग तर त्याहून वाईट, कारण मग नकार एकट्या समीरपुरता राहत नाही, दोन घरांत फिरतो. गोव्यात माणसं एकमेकांना टाळू शकत नाहीत, जत्रेत नाहीतर लग्नात गाठ पडतेच. म्हणून विचारणं असं हवं की नकार कुणाच्या तोंडावर द्यावाच लागू नये.

मग मी त्याला विचारलं, "रेफर करताना त्यांना नेमकं काय करावं लागतं, ठाऊक आहे?" त्याला वाटत होतं, साहेबांना एक शब्द टाकायचा. बहुतेक मोठ्या कंपन्यांत तसं नसतं. कर्मचाऱ्याला आतल्या पोर्टलवर जागेचा क्रमांक घालून उमेदवाराची माहिती भरावी लागते. पुष्कळ ठिकाणी फॉर्मवर विचारतात की याला कसं ओळखता, किती काळ एकत्र काम केलं, शिफारस करता का. खाली तिचं नाव असतं. निवड तिच्या हातात नसते, पण माणूस फसवा निघाला तर तिची आठवण निघते. म्हणजे समीर तिच्याकडे तिची पत मागत होता, आणि ती द्यायची की नाही हे तिने एकटीने, शांतपणे ठरवायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. उमेदवाराने आधीच वेबसाइटवरून अर्ज केला असेल तर अनेक कंपन्या नंतरचं रेफरल धरत नाहीत. म्हणून आधी विचारायचं, मग अर्ज. पण जागा बंद होईपर्यंत वाट बघत बसायचं नाही. या अडचणीतच मला त्याच्या मेसेजची किल्ली सापडली.

त्याचा पहिला मसुदा फोनवर दाखवला त्याने. "मॅडम, ओळखलंत का? किती दिवस झाले! घरी सगळे बरे ना?" मग चार ओळी घरच्या अडचणीच्या. मग, "तुम्ही बाळंतपणाच्या रजेवर होता तेव्हा तुमचे नमुने मीच केले होते." शेवटी, "काहीतरी करा ना, प्लीज," आणि सीव्हीची पीडीएफ.

खरं तर त्यात खोटं काहीच नव्हतं. पण घरची अडचण वाचून नकार देणं म्हणजे पाप वाटतं, आणि रजेतले नमुने आठवून देणं म्हणजे जुनी उधारी वसूल करणं. "ओळखलंत का" तर मी पहिल्यांदा खोडलं. असा प्रश्न येतो तेव्हा पुढे काहीतरी मागणं आहे हे समोरच्याला कळतंच, मग लपवाछपवी कशाला?

अर्ध्या तासाने उरलं ते हे:

"नमस्कार मॅडम, मी समीर, वेर्ण्याच्या लॅबमध्ये दोन वर्षं तुमच्या शिफ्टला होतो. एका कामासाठी लिहितोय. तुमच्याकडे क्यूसीची जागा निघाली आहे, क्रमांक खाली देतो. मी अजून अर्ज केलेला नाही. माझं काम तुम्ही पाहिलंय, त्यावरून रेफर करावंसं वाटलं तर सांगा, सीव्ही पाठवतो. नियमात बसत नसेल किंवा नाव घालणं सोयीचं नसेल तर उत्तर द्यायची गरज नाही. येत्या सोमवारी मी वेबसाइटवरून सरळ अर्ज करतोच आहे."

शेवटची दोन वाक्यं लिहायला समीर तयार नव्हता. "मग ती गप्पच बसेल." बसू दे की. गप्प राहणं हेच उत्तर ठरवून टाकलं की तिला सबब शोधावी लागत नाही, आणि समीरला ब्लू टिक बघत झुरावं लागत नाही. सोमवार उजाडला की अर्ज. आठवण करून देणारा दुसरा मेसेज नाही, फोन नाही. तारीख न देता विचारलं असतं तर आठ-दहा दिवसांनी एक आठवण चालली असती, एकच.

चौथ्या दिवशी तिचं उत्तर आलं. "रेफर करते. सीव्ही पाठव. पण आपण एका शिफ्टला दीड वर्षच होतो, फॉर्मवर तेच लिहीन. स्टॅबिलिटीचं तुझं काम मी पाहिलेलं नाही, त्याबद्दल काही लिहिणार नाही."

स्टॅबिलिटी म्हणजे औषध किती काळ टिकतं हे तपासायचं काम. समीर हिरमुसला. मला मात्र बरं वाटलं. दडपण असतं तर तिने सगळं गोड गोड लिहिलं असतं किंवा काहीच नाही. "दीड वर्ष बरोबर, माझीच चूक," एवढं कळवून त्याने सीव्हीतही तोच आकडा केला, कारण फॉर्म आणि सीव्ही यांचा मेळ बसला नाही तर प्रश्न तिलाच येतात.

इथे एक सांगून ठेवते. ज्या सहकाऱ्याने तुमची चूक पाहिली आहे, लॉगबुकमध्ये मागची तारीख घातल्याचा मेमो वगैरे, त्याच्याकडे रेफरल मागू नका. औषध कंपनीत अशी नोंद किरकोळ धरत नाहीत. फार तर "तिथे काम कसं आहे?" एवढंच विचारा.

इंटरव्ह्यू झाला, निवड झाली नाही. त्यांना स्टॅबिलिटीवालाच हवा होता. समीरने त्याच संध्याकाळी तिला दोन ओळी लिहिल्या: निकाल काय, आणि आभार. "पुन्हा जागा निघाली तर बघा" हे वाक्य त्याने लिहिलं होतं, मी काढायला लावलं.

चवथीला तो बायकोसह फोंड्याला गेलाच. कामाचा विषय त्याने काढला नाही. निघताना दारात प्राजक्तानेच विचारलं, "आता कुठे अर्ज केलायस?"