रिमाइंडरमध्ये क्रियापद आधी लिहा

प्रश्न: मी फोनवर रिमाइंडर लावते, पण तो वाजला की कळतच नाही, नेमकं काय करायचंय आणि हातात किती वेळ आहे. तुम्ही कसे लिहिता?

मागच्या वर्षी आमची एक सकाळ फुकट गेली. आईच्या रक्ताची तपासणी होती, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल. लॅबचा माणूस साडेसातला घरी येणार होता, म्हणून मी सातचा रिमाइंडर लावला: ‘आईची रक्त तपासणी’. तो वाजला तेव्हा आईचा चहा झाला होता, वर दोन टोस्टही. माणूस दारातूनच परत गेला.

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, रक्त काढणं हे माझं काम नव्हतंच, ते लॅबवाल्याचं. माझं काम आदल्या रात्रीचं होतं. आता त्याच तपासणीसाठी मी दोन रिमाइंडर लावतो. रात्री ८ ला: ‘वाढ आईला जेवण, ९ नंतर फक्त पाणी. रक्त मंगळ १४, स. ७:३०’. आणि सकाळी ६ ला: ‘थांबव आईचा चहा, रक्त ७:३० ला’. नऊला जेवण संपलं की साडेसातपर्यंत साडेदहा तास होतात, एवढे पुरतात. (सकाळच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवावं, ते रिमाइंडरवर सोडू नये.)

वाक्यरचना जरा विचित्र वाटेल, पण ती मुद्दाम आहे. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि लॉक स्क्रीनवर फोन नेमकं शेपूटच कापतो. मी एकदा लिहिलं होतं: ‘शनिवारी सराफ्यातून दुरुस्तीला दिलेलं मंगळसूत्र आणायचं’. स्क्रीनवर दिसलं ‘शनिवारी सराफ्यातून दुरुस्तीला…’. आमचा सराफा दिवसा सोनारांचा बाजार आणि रात्री खाऊगल्ली. आता इंदूरच्या माणसाला रात्री नऊ वाजता ‘सराफा’ एवढंच दिसलं, तर पाय भुट्ट्याच्या किसाकडेच वळणार. सोनाराचं दुकान तोवर बंद झालेलं. म्हणून आता: ‘आण मंगळसूत्र, सराफा, दुकान ८ ला बंद’. आधी क्रियापद, मग वस्तू, मग मुदत. क्रियापदही हाताने करता येईल असं हवं. ‘पीयूसी बघ’ असं लिहिलं की मी खरोखर नुसता बघतो आणि पुढे ढकलतो. ‘ने गाडी पीयूसीला’ म्हटलं की किल्ली हातात येते.

मुदतीच्या बाबतीत माझा एकच हट्ट आहे: ‘उद्या’, ‘परवा’, ‘२ दिवस उरले’ हे शब्द लिहायचे नाहीत. रिमाइंडर एक दिवस पुढे ढकलला की ‘उद्या’ खोटं बोलायला लागतो, आणि ते खोटं आहे हे त्याच्याकडे बघून कळत नाही. वार आणि तारीख लिहिली की कितीही ढकला, मुदत जागची हलत नाही. महिन्याच्या वीजबिलासारखा परत परत येणारा असेल तर वार गाळा, ‘शेवट १५ तारीख’ पुरे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तत्काळ तिकिटाचा, कारण त्यात तीन वेळा असतात: रिमाइंडर वाजण्याची, बुकिंग उघडण्याची आणि प्रवासाची. समजा शुक्रवारी १७ ला इंदूरहून सुटणाऱ्या गाडीने पुण्याला जायचंय. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीला सकाळी १० ला आणि स्लीपरला ११ ला. मला एसी हवं असेल तर गुरुवारी ९:४५ ला वाजतं: ‘काढ तत्काळ एसी, १०:०० ला उघडेल. पुणे, शुक्र १७’. बुधवारी संध्याकाळी एक वेगळा: ‘उघड आयआरसीटीसी, लॉगिन आणि आधार तपास, तत्काळ गुरु १०:००’. आधार जोडलेलं नसेल तर पावणेदहाला कळून काही उपयोग नाही.

यात एक खड्डा आहे, त्यात मी स्वतः पडलोय. हा आदला दिवस मोजतात तो गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून. मधल्या स्टेशनवर चढायचं असेल आणि गाडी तिथे मध्यरात्रीनंतर पोचत असेल, तर बुकिंग तुमच्या प्रवासाच्या तारखेच्या दोन दिवस आधी उघडतं. अशा वेळी मी रिमाइंडरमध्ये ‘गाडी सुटते गुरु १६, आपण चढतो शुक्र १७’ असं पूर्ण लिहितो. ओळ लांबते, शेपूट कापलं जातं, पण ‘काढ तत्काळ’ तेवढं दिसतं आणि उरलेलं वाचायला मी बोट लावतोच.

आईला मात्र हे रिमाइंडर आवडत नाहीत. ‘थांबव आईचा चहा’ तिने एकदा वाचलं, तेव्हापासून विचारते, घरात हुकूम कोणाचा चालतो, तुझा की फोनचा?