पंचाहत्तर सेंटवरची कॅमरी

अनेक आशीर्वाद.

ऑस्ट्रेलियावरचा तुझा मसुदा दोनदा वाचला. 'कामगारांचे पगार परवडेनासे झाले, म्हणून मोटारींचे कारखाने बंद पडले,' एवढ्यात तू ते प्रकरण उरकलं आहेस. हे खोटं नाही. पण तेच पगार अमेरिकी डॉलरमध्ये मोजले की एवढे का फुगले, हा प्रश्न तू विचारलाच नाहीस, आणि माझ्या मते सगळं पाणी तिथेच मुरतंय.

सुरुवात पश्चिमेकडच्या पिलबारातून कर. चीनच्या पोलाद कारखान्यांना तिथलं लोहखनिज हवं होतं आणि त्याचा भाव चढत गेला. खाणकंपनीला पैसे मिळतात अमेरिकी डॉलरमध्ये. मजुरी, ठेकेदारांची बिलं, राज्याची रॉयल्टी आणि कर मात्र ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये भरायचे असतात. म्हणून ती अमेरिकी डॉलर विकते आणि तिथला डॉलर विकत घेते. नव्या खाणी उभारायला बाहेरून भांडवल आलं, त्यानेही हेच केलं. तिथलं चलन 1983 पासून बाजारावर सोडलेलं असल्यामुळे मागणीचा ताण थेट दरावर आला. 2001 च्या एप्रिलमध्ये जो डॉलर 50 अमेरिकी सेंटच्याही खाली होता, तो 2011 च्या जुलैमध्ये 110 सेंटपर्यंत गेला.

आता मेलबर्नजवळच्या आल्टोनाला ये. टोयोटा तिथे कॅमरी बनवायची आणि बऱ्याच गाड्या आखाती देशांत पाठवायची. पुढचे आकडे मी हिशेबापुरते धरलेत. गाडी 15,000 अमेरिकी डॉलरला विकली जाते आणि बनवायला 18,000 ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात, असं समज. दर 75 सेंट असताना कंपनीच्या हाती 20,000 ऑस्ट्रेलियन डॉलर येतात, म्हणजे 2,000 चा नफा. दर 110 सेंट झाला की त्याच गाडीचे हाती येतात जेमतेम 13,600. कारखान्यात एक स्क्रूही बदललेला नाही, कुणाचा पगार वाढलेला नाही, तरी गाडीमागे चार हजारांहून जास्त खोट. भाव वाढवावा, तर गिऱ्हाइकाला शेजारच्या शोरूममध्ये दुसऱ्या देशातली गाडी जुन्याच भावात मिळते.

इथे एक गोष्ट नोंदव, बहुतेक जण ती विसरतात. चलन वधारलं की आयात केलेले सुटे भाग स्वस्त होतात, त्यामुळे तोटा थोडा भरून निघतो. किती भरून निघतो, हे खर्चातला किती वाटा परदेशी आहे यावर ठरतं. म्हणून स्थानिक मजुरी आणि स्थानिक पोलाद जास्त वापरणाऱ्याला मार जास्त बसतो.

खाणींनी वेल्डर, फिटर ओढून नेले, हे कारणही तू लिहिशील. लिही, पण जपून. तेजीच्या काळातही खाणींत शंभर कामगारांमागे दोन-तीनच होते. खाणीचा पैसा घरं, हॉटेलं, बांधकाम यांवर खर्च झाला आणि त्या ओघात पगार आणि भाडी चढली. हा मार जास्त दूरवर पोचला. केशकर्तन परदेशातून आयात करता येत नाही, त्यामुळे न्हाव्याला दर वाढवता येतो. आखातात गाडी विकणाऱ्याला तो वाढवता येत नाही.

अर्थशास्त्रात याला 'डच डिसीझ' म्हणतात. 1959 मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला वायूचा मोठा साठा सापडला आणि पुढे तिथले कारखाने आजारले, त्यावरून ते नाव पडलं. पण नाव देण्याआधी दुसरी कारणं वेगळी काढ. त्या काळात ऑस्ट्रेलियात रिझर्व्ह बँकेचा व्याजदर 4.75 टक्के होता आणि अमेरिकेत जवळपास शून्य, म्हणजे व्याजासाठी आलेला पैसाही दर चढवत होता. शिवाय मोटारींवरचं आयातशुल्क 2010 पर्यंत 5 टक्क्यांवर आलं होतं, देशातली बाजारपेठ लहान होती आणि मित्सुबिशीने ॲडलेडचा कारखाना 2008 मध्येच बंद केला होता, 110 सेंटच्या बऱ्याच आधी. दुखणं जुनं होतं, चलनाने ते बळावलं, असं लिहिलंस तर मी सही करीन.

एक खूण मात्र नक्की तपास: फक्त निर्यातदार मोडले, की देशातच विकणारेही? आयात स्वस्त झाल्यामुळे तेही मोडतात. फोर्डचं तसंच झालं. तिने मे 2013 मध्ये कारखाने बंद करण्याची घोषणा केली, त्याच डिसेंबरात होल्डनने आणि फेब्रुवारी 2014 मध्ये टोयोटाने.

आणि तक्त्यात 2017 चा रकाना जोड. तो तुझ्या मसुद्यात नाही. खनिजाचा भाव केव्हाच उतरला होता आणि आल्टोनाची शेवटची कॅमरी ऑक्टोबरात बाहेर पडली तेव्हा दर 78 सेंटच्या आसपास होता, आपल्या हिशेबातल्या नफ्याच्या दराच्या अगदी जवळ. पण तोवर निर्णय होऊन साडेतीन वर्षं उलटली होती आणि सुटे भाग पुरवणारे आपापले कारखाने आवरत होते.

सुधारलेला मसुदा रविवारपर्यंत पाठव.