पूरमदतीच्या आवाहनाचा तुझा मसुदा

अनेक उत्तम आशीर्वाद.

पावसाळ्याआधीच पूरमदतीच्या आवाहनाचा मसुदा तयार ठेवायचा हे ठाण्यातल्या तुमच्या मंडळाला सुचलं ते बरं झालं. पाणी चढल्यावर बसून लिहिलेलं आवाहन घाईचं होतं, आणि घाईत माणूस दुसऱ्याचंच वाक्य उचलतो. तुझ्या मसुद्यातही अशी उचललेली वाक्यं आहेत. पण आधी त्यासोबत लावलेल्या फोटोबद्दल.

होडीत बसलेली, पदर तोंडाशी धरून रडणारी बाई आणि तिच्या मांडीवर पोर. मागे जो दगडी पूल दिसतो तो सांगलीचा आयर्विन पूल आहे, म्हणजे फोटो बहुधा ऑगस्ट 2019चा. तू मजकूर लिहिला आहेस कोकणातल्या वाडीसाठी. ठाण्यात सांगलीकर काही कमी नाहीत. नौपाड्यातल्या एखाद्या आजोबांनी पूल ओळखला की ते ग्रुपवर एवढंच लिहितील, "हा फोटो कुठला?" त्यानंतर तुझा क्यूआर कोड खरा असला तरी त्यावर कोणी बोट ठेवणार नाही. खोट्या फोटोचा संशय खात्यापर्यंत पोचतो.

समजा फोटो खरा, याच वर्षीचा, त्याच वाडीतला मिळाला. तरीही रडणारा चेहरा लावू नकोस. ठाण्यात कोकणातली निम्मी वाडी राहते, हे तुला मी सांगायला नको. त्या बाईचा दीर कळव्याला असेल, भाची वर्तकनगरला. आपली वहिनी चिखलात बसलेली सोसायटीच्या ग्रुपवर फिरते आहे, आणि खाली कोणीतरी हात जोडल्याची चिन्हं टाकली आहेत, हे त्यांना कसं वाटेल? फोटो लावण्याआधी एवढंच विचार: हा तिच्या माहेरच्या माणसांसमोर, तिला विचारून, लावता येईल का? भिंतीवरची पाण्याची खूण, चिखलाने भरलेलं स्वयंपाकघर, हे फोटो चालतात. त्यातून देणाऱ्याला नेमकं काय साफ करायचं आहे तेही कळतं.

आता वाक्यं. "तुमच्या एका पिझ्झाच्या किमतीत एक कुटुंब वाचेल." पिझ्झाच्या पैशात कुटुंब वाचत नाही, फारतर एक फावडं आणि खराटा येतो. शिवाय या वाक्यात पिझ्झा खाणाऱ्याला गुन्हेगार ठरवलं आहे. तो एकदा देईल आणि पुढच्या वर्षी तुझा मेसेज न उघडताच पुढे जाईल. "फक्त आजचा दिवस शिल्लक" हेही काढ. टेम्पो शनिवारी पहाटे निघणार असेल तर "शुक्रवारी दुपारी खरेदी आहे, तोवर आलेल्या पैशांतून सामान घेऊ" असं लिही. ही खरी मुदत आहे, आणि तिचं कारण वाचणाऱ्याला पटतं. भावना वर्ज्य आहेत असं मी म्हणत नाही. "पाणी ओसरलं की घरात गुडघाभर गाळ राहतो, आणि ऊन पडलं की तो घट्ट होतो, मग झाडून निघत नाही, खणावा लागतो." हे वाचून कोणाच्याही पोटात कालवतं. पण ते खरं आहे, आणि त्यातूनच पुढची मागणी निघते.

मागणी हाच तुझ्या मसुद्याचा कच्चा भाग. "यथाशक्ती मदत करा" म्हणजे कशासाठी, किती, कुठवर? 2021च्या जुलैत चिपळूण बुडालं तेव्हा ठाण्यातल्या घराघरांतून जुन्या कपड्यांची गाठोडी निघाली होती. तिकडे माणसं चिखल उपसत होती, कपडे ठेवायला कोरडी जागा नव्हती. म्हणून एकच वस्तू धर. सफाईचा संच धरू. समज, वाडीत ऐंशी घरं आहेत. एका संचात एक फावडं 250 रुपये, घमेलं 200, दोन खराटे 160, पाच लिटर फिनेल 240, रबरी हातमोजे 100. झाले 950. ऐंशी घरांचे 76,000. टेम्पोचं भाडं, टोल आणि चालकाचं जेवण मिळून 14,000. एकूण 90,000. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तू बाजारात जाऊन दुकानदाराकडून लेखी कोटेशन घे आणि तेच आवाहनात लाव.

टेम्पोचे 14,000 तू मसुद्यात लपवले आहेस आणि वर "शंभर टक्के रक्कम पूरग्रस्तांना" असं छापलं आहेस. लपवलेस म्हणण्यापेक्षा विसरलास म्हणू या. पण फावडं काही चालत कोकणात जात नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक असतं. भाडं उघड लिहिलं तर कोणी हरकत घेत नाही. नंतर कळलं तर मात्र "अजून काय काय कापलं?" हा प्रश्न येतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि चांगल्या मनाने लिहिलेल्या आवाहनांतही ती निसटते. 90,000 भागिले ऐंशी, म्हणजे भाड्यासकट एका घराला 1,125 रुपये. साहजिकच लिहावंसं वाटतं, "1,125 रुपयांत एक घर." आता समज, 54,000च जमले. देणाऱ्यांच्या हिशेबाने 48 घरं झाली. पण टेम्पोचं भाडं अर्ध्या सामानाला अर्धं होत नाही. 14,000 आधी वजा कर, उरले 40,000. त्यात 950चे 42 संच बसतात आणि शंभर रुपये उरतात. कोणी एक पैसा खाल्ला नाही, तरी सहा घरांचे पैसे देणाऱ्यांना त्यांची घरं दिसणार नाहीत. हिशेब तपासत माझी हयात गेली, म्हणून सांगतो: असा फरक नंतर कितीही समजावला तरी सारवासारवच वाटते.

यावर दोन वाटा आहेत. एक, भाड्याचे 14,000 मंडळाच्या चार-पाच जणांनी आधीच भरायचे, तसं जाहीर करायचं, आणि मग लोकांकडे फक्त 950 मागायचे. मग खरोखरच प्रत्येक 950ला एक संच. दुसरी, आवाहनातच लिहायचं की भाडं ठरलेलं आहे, रक्कम कमी जमली तर घरं त्या मानाने कमी होतील, आणि ज्या घरांत पाणी सगळ्यात उंच चढलं त्यांना आधी संच मिळतील. मला पहिली वाट आवडते. मंडळाने आधी स्वतःच्या खिशात हात घातला हे लोकांना दिसतं, ते सांगावं लागत नाही.

रक्कम जास्त जमली तरचं वाक्य तुझ्या मसुद्यात नाहीच. मेसेज फिरत राहतात. ऐंशी घरं पूर्ण झाल्यावरही घोडबंदर रोडवरच्या कुठल्यातरी ग्रुपवर तुझा क्यूआर कोड आठवडाभर पैसे खेचत राहील. म्हणून क्यूआरच्या चित्रावरच शेवटची तारीख आणि 90,000ची मर्यादा छापून ठेव. त्याखाली लिही की त्यापुढची रक्कम मुख्यमंत्री सहाय्यता निधीत भरू आणि पावती दाखवू. हे आधी लिहिलेलं असलं की उरलेल्या पैशांचं काय करायचं यावरून तुमच्यातच भांडणं होत नाहीत. तीही होतात, पैसा थोडा असला तरी.

खातं कोणाचं? मसुद्यातला क्यूआर तुझ्या वैयक्तिक खात्याचा आहे. तो काढ. तुमचं मंडळ नोंदणीकृत न्यास नाही, म्हणजे अशी वर्गणी गोळा करायला गणेशोत्सव मंडळांना लागते तशीच, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 क खालची परवानगी धर्मादाय कार्यालयातून घ्यावी लागेल, आणि मोहीम संपल्यावर हिशेबही तिथे द्यावा लागेल. किंवा एखाद्या नोंदणीकृत संस्थेला विचार, तिच्या खात्यात पैसे घ्यायला ती तयार आहे का. तसं झालं तरच देणगीवरच्या करसवलतीचा उल्लेख करता येईल, तोही त्या संस्थेकडे ती मान्यता असेल तर. त्यातही 2,000 रुपयांवरची रोख रक्कम आणि वस्तूरूप देणगी यांना ती सवलत मिळत नाही. जुनी करप्रणाली घेतलेल्यांनाच ती मिळते, हेही लिही. "करात सूट मिळेल" एवढंच मोघम लिहिणं ही सौम्य फसवणूकच. अमेरिकेतल्या आतेभावाचे पैसेही लगेच घेऊ नकोस. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ती परदेशी देणगी ठरते आणि तिचे नियम वेगळे आहेत.

देणाऱ्यांची यादी फ्लॅट नंबरासकट ग्रुपवर टाकायची तुझी कल्पना मला अजिबात पसंत नाही. 302ने 5,000 दिले आणि 303चं नाव नाही, हे चारचौघांत दाखवणं म्हणजे दबाव. ज्याची नोकरी गेल्या महिन्यात गेली त्याला लिफ्टमध्ये मान खाली घालायला लावायची आहे का? पारदर्शकता पैशांची हवी, माणसांची नको. यूपीआयच्या बारा आकडी संदर्भ क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि रक्कम, एवढीच यादी लाव. ज्याने दिले तो आपली ओळ शोधून घेतो, बाकीच्यांना काही कळत नाही. सोबत दुकानाचं पक्कं बिल, टेम्पोची पावती आणि वाडीत सामान घेतल्याची सही.

ही सही कोणाची, तेही आधीच ठरव. वाडीची यादी एकाच पुढाऱ्याकडून घेऊ नकोस. ग्रामपंचायत सदस्याची यादी आशा सेविकेकडून ताडून घे, तिला प्रत्येक घर माहीत असतं. मुख्य रस्त्यालगतच्या घरांना मदत दोनदा मिळते आणि आतल्या घरांपर्यंत कोणी पोचत नाही, हे सहसा याच टप्प्यावर ठरतं. संच देताना मात्र फोटोसाठी कोणाला रांगेत उभं करू नका.

आणि हिशेबात काही बिघडलं तर तेही त्याच ग्रुपवर टाक. सहा संच उरले, दोन फावड्यांचे दांडे वाटेत तुटले, जे असेल ते.

तर आवाहन मी असं लिहिलं असतं: "अमुक वाडीतल्या 80 घरांत पुराचा गाळ आहे. प्रत्येक घराला फावडं, घमेलं, खराटे, फिनेल आणि हातमोजे देणार आहोत. एका संचाला 950 रुपये, कोटेशन सोबत आहे. टेम्पोचे 14,000 मंडळाच्या सभासदांनी भरले आहेत. 76,000 जमले की खातं बंद करू. त्यावर आलेली रक्कम मुख्यमंत्री सहाय्यता निधीत जाईल. खरेदी शुक्रवारी दुपारी, हिशेब पुढच्या रविवारपर्यंत इथेच. शंका असल्यास या क्रमांकावर विचारा." मर्यादा इथे 76,000 झाली ती भाडं आधीच भरलं म्हणून. क्यूआरवरही मग हाच आकडा घाल, 90,000 नको.

सोमवारी धर्मादाय कार्यालयात जाऊन 41 कच्या अर्जाला काय कागद लागतात ते विचारून ये. पाऊस लागल्यावर तिथे गणपती मंडळांची गर्दी असते.

तुझा,
काका